एपिसोडचा मजकूर: राणीचं कोडं, लाल डोकं आणि एक-आड-एक अक्षरं

आजचा एपिसोड फक्त कानांनी ऐकून चालणार नाही, हे आधीच सांगतो. बसमध्ये उभे असाल तर ऐका, पण जागा मिळाली की हा मजकूर उघडून बघा. आज अक्षरं डोळ्यांनी बघायची आहेत. रेकॉर्डिंग करताना मी "एस, सी, एच, ओ, ओ..." असं बोलत सुटलो होतो. नंतर ऐकलं तर एखादा ओटीपी वाचून दाखवतोय असं वाटत होतं.

विषय आहे इंग्रजी क्रिप्टिक क्रॉसवर्ड. सगळं क्रॉसवर्ड नाही, त्यातला एकच प्रकार: शब्दांची पहिली अक्षरं, शेवटची अक्षरं, किंवा एक सोडून एक अक्षर उचलून उत्तर बनवायचं. आणि "इथे अक्षरं उचल" असं सांगणारा क्लूमधला शब्द. त्याला इंडिकेटर म्हणतात. गाडीच्या इंडिकेटरसारखाच. दिला नाही तर मागचा माणूस शिव्या घालतो.

मी यात कसा पडलो ते सांगतो. आमच्या सोसायटीत एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, मी त्यांना काका म्हणतो. रोज सकाळी खाली बाकावर पेपर आणि पेन घेऊन बसलेले असतात. पेन्सिल नाही, पेन. वर्क फ्रॉम होमच्या दिवसांत मी चहाचा कप घेऊन त्यांच्या शेजारी बसायला लागलो. एके दिवशी त्यांनी एका कागदावर स्वतः बनवलेला क्लू लिहून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "सोडव. सुटला तर मिसळ माझ्याकडून, नाही सुटला तर तुझ्याकडून."

```
Regularly schooled, yet unfriendly (4)
```

कंसातला चार म्हणजे उत्तर चार अक्षरी. क्रिप्टिक क्लूचा साचा असा असतो: एका टोकाला उत्तराचा साधा अर्थ, उरलेल्या भागात उत्तर बनवायची कृती. इथे अर्थ "अनफ्रेंडली". "रेग्युलरली" म्हणजे नियमित अंतराने. मग "स्कूल्ड" या शब्दातली एक-आड-एक अक्षरं घ्यायची, एवढं मला कळलं. घेतली. शू आलं, बूट! बूट अनफ्रेंडली कसा? चावतो म्हणून? वीस मिनिटं मी बुटाला माणूसघाणा ठरवायचा प्रयत्न केला. शेवटी म्हणालो, "काका, तुमचा क्लू चुकलाय."

काका म्हणाले, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? मोजायला शून्यापासून सुरुवात करता ना तुम्ही?"

```
s = "SCHOOLED"
s[::2]    # SHOE
s[1::2]   # COLD
```

बघा. पहिल्या अक्षरापासून एक-आड-एक घेतलं तर शू, दुसऱ्यापासून घेतलं तर कोल्ड. तुसडा, थंड वागणारा. एकाच शब्दाच्या पोटात दोन पूर्ण शब्द, एकमेकांत विणलेले. मिसळ माझ्या खिशातून गेली. पण माझा प्रश्न राहिलाच: "रेग्युलरली" म्हटल्यावर कुठून सुरू करायचं हे मला कुणी सांगितलं होतं? हे फेअर आहे का? आणि फेअर म्हणजे काय, हे ठरवलं कुणी?

याचं उत्तर शोधता शोधता मी थेट व्हिक्टोरिया राणीपर्यंत पोचलो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये क्रॉसवर्ड नव्हतं, पण डबल ॲक्रॉस्टिक नावाच्या कोड्याचं प्रचंड वेड होतं. सूत्रधार तुम्हाला काही शब्द ओळखायला देणार. ते एकाखाली एक लिहायचे. मग पहिली अक्षरं वरून खाली वाचली की एक शब्द, आणि शेवटची अक्षरं वाचली की दुसरा. यातलं एक कोडं परंपरेने खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या नावावर सांगितलं जातं. त्याला विंडसर एनिग्मा म्हणतात. इटलीतलं एक शहर, जर्मनीतली एक नदी, अशा नऊ गोष्टी ओळखायच्या. उत्तरं अशी:

```
N aple     S
E lb       E
W ashingto N
C incinnat I
A msterda  M
S tambou   L
T orne     A
L epant    O
E clipti   C
```

डावीकडची अक्षरं वरून खाली वाचा: न्यूकॅसल. आता उजवीकडची खालून वर वाचा: कोलमाइन्स, कोळशाच्या खाणी. न्यूकॅसल तर कोळशासाठीच प्रसिद्ध होतं. म्हणजे दोन उत्तरांचं एकमेकांशी नातंही जुळलं. राणीने खरंच रचलं की नातवंडांसाठी दुसऱ्या कुणी रचून दिलं, ते सोडा. रचना मात्र झकास आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. या कोड्यात इंडिकेटर नाही. पहिली आणि शेवटची अक्षरं घ्यायची, हे सोडवणाऱ्याला आधीपासूनच माहीत असायचं. तोच खेळाचा नियम होता. बुद्धिबळात घोडा अडीच घरं चालतो हे कुणी दर चालीला सांगत नाही, तसं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही बाजूंना प्रोटोकॉल ठाऊक आहे, मग हेडर कशाला पाठवायचा?

भानगड पुढे झाली. 21 डिसेंबर 1913 ला न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या माणसाने शंकरपाळ्याच्या आकाराचं पहिलं क्रॉसवर्ड छापलं. 1924 मध्ये अमेरिकेत त्याचं पहिलं पुस्तक निघालं आणि साथ पसरली. इंग्रजांनी हे कोडं उचललं, पण नुसत्या समानार्थी शब्दांचा त्यांना लवकरच कंटाळा आला. ॲक्रॉस्टिक, अक्षरांची उलटापालट, शब्दांवरच्या कोट्या, हे सगळं त्यांच्या घरात आधीपासून होतंच. ते त्यांनी क्रॉसवर्डच्या क्लूमध्ये कोंबायला सुरुवात केली.

आता अडचण बघा. एका जाळ्यात तीसेक क्लू. त्यातल्या एखाद्यात पहिली अक्षरं घ्यायची, दुसऱ्यात अक्षरं ढवळायची, तिसऱ्यात शब्द उलटा वाचायचा. खेळाचा नियम आता दर क्लूला बदलतोय. मग कुठल्या क्लूला कुठला नियम, हे सांगायला क्लूच्या आतच काहीतरी लागणार. इंडिकेटरची गरज इथे पडली. हेडर आता प्रत्येक पॅकेटमध्ये.

सुरुवातीच्या मंडळींनी हे फार गंभीरपणे घेतलं नाही. पूर्णपणे क्रिप्टिक कोडी देणारा पहिला मोठा माणूस म्हणजे एडवर्ड पॉइस मॅथर्स. लंडनच्या ऑब्झर्व्हरमध्ये 1926 पासून 1939 मध्ये मरेपर्यंत तो टॉर्केमादा या टोपणनावाने कोडी देत होता. टॉर्केमादा हा स्पेनच्या धर्मन्यायालयाचा कुप्रसिद्ध प्रमुख. वाचकांचा छळ करायचा तर नाव तसंच हवं! (त्याचं केन्स जॉबोन हे पानं उलटसुलट छापलेलं खुनाचं पुस्तक 2021 मध्ये टिकटॉकवर व्हायरल झालं होतं. आपल्याकडे तोवर टिकटॉक बंद झालेलं, म्हणून आपल्याला ते रील्समधून उशिरा कळलं.) टॉर्केमादा अफाट हुशार होता, पण तेव्हा लिहिलेले नियम नव्हते. सेटरला सुचलेला इशारा सोडवणाऱ्यालाही सुचेल, या भरवशावर बरंच काही चालायचं.

त्याच्यानंतर ऑब्झर्व्हरची गादी मिळाली डेरिक मॅकनट यांना. ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारे मास्तर. टोपणनाव घेतलं झिमेनीझ, म्हणजे पुन्हा स्पेनच्याच धर्मन्यायालयातला एक जण. 1939 ते 1971 अशी बत्तीस वर्षं ते कोडी देत राहिले आणि 1966 मध्ये त्यांनी क्लू रचण्याच्या कलेवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. मास्तर म्हटल्यावर व्याकरण आलंच. त्यांच्या आधी आफ्रिट नावाच्या सेटरने 1949 च्या आपल्या पुस्तकात एक तत्त्व मांडलं होतं. त्याचा मथितार्थ असा की क्लू वाचणाऱ्याला खुशाल भलत्या वाटेला न्या, पण क्लूचे शब्द अक्षरशः घेतले तर ते खरे ठरले पाहिजेत. झिमेनीझ यांनी हे तत्त्व घेऊन प्रत्येक इंडिकेटर तपासायला सुरुवात केली.

इथून माझ्या आवडीचा भाग सुरू होतो, कारण हा सगळा समासविग्रह आहे. हो, शाळेतला.

एक शब्द घ्या, "रेडहेड". लाल केसांची व्यक्ती. एखादा सेटर म्हणतो, यात "रेड" आहे आणि "हेड" आहे, म्हणजे रेडचं हेड, म्हणजे आर हे अक्षर. मस्त वाटतं ना? आता विग्रह करा. रेडहेड म्हणजे ज्याचं डोकं लाल आहे असा तो. बहुव्रीही. सेटरला मात्र हवा आहे षष्ठी तत्पुरुष, रेडचं डोकं. नीलकंठ म्हणजे ज्याचा कंठ निळा आहे तो, निळ्याचा कंठ नव्हे. त्यातून "नीलचं शेवटचं अक्षर" काढायला गेलात तर मराठीचे मास्तर डस्टर फेकून मारतील. मॅकनट मास्तरांच्या परंपरेत हेच होतं. "हेड ऑफ स्टेट" म्हणा, त्यातून एस खुशाल काढा, कारण स्टेट या शब्दाचं डोकं एस आहे हे शब्दशः खरं. "फर्स्ट लेडी" मधून एल काढू नका. पहिली बाई म्हणजे बाईतलं पहिलं अक्षर नव्हे.

"गेट्सहेड" या गावाच्या नावातून जी काढणं, "मिडनाइट" मधून नाइटच्या मधलं अक्षर काढणं, ही याच भांडणाची भावंडं. भांडण आजही चालू आहे. दुसऱ्या बाजूचा सगळ्यांत लाडका माणूस म्हणजे गार्डियनचा अरॉकेरिया, खरं नाव जॉन ग्रॅहम, पेशाने धर्मगुरू. 1958 पासून 2013 मध्ये जाईपर्यंत त्याने कोडी दिली. व्याकरण थोडं वाकलं तरी चालेल, सोडवणाऱ्याला मजा आली पाहिजे, असा त्याचा खाक्या. त्या बाजूचे लोक रेडहेड बिनधास्त वापरतात. मला विचाराल तर कामाच्या दिवशी मी झिमेनीझच्या बाजूचा आणि रविवारी अरॉकेरियाच्या.

बरं, आता तिन्ही प्रकार जरा हातात घेऊन बघू. पहिल्या अक्षरांपासून सुरू करतो. यासाठी मी बनवलेला क्लू:

```
Cardamom, hot and infused, for starters? (4)
```

"फॉर स्टार्टर्स" म्हणजे एरवी जेवणाआधीचा पदार्थ किंवा "सुरुवात म्हणून". इथे तो इंडिकेटर आहे: आधीच्या शब्दांची सुरुवातीची अक्षरं घ्या. सी, एच, ए, आय. चाय! आणि अर्थ कुठे आहे? वेलदोडा घातलेलं, गरम, उकळलेलं काहीतरी. म्हणजे संपूर्ण क्लू हाच उत्तराचा अर्थ आणि संपूर्ण क्लू हीच कृती. याला "अँड लिट" म्हणतात. हे नावही झिमेनीझ यांचंच. पहिल्या अक्षरांच्या प्रकाराला अँड लिट चांगलं जमतं, कारण प्रत्येक शब्दाकडून फक्त एक अक्षर लागतं. बाकी शब्द निवडायला तुम्ही मोकळे.

ओळखायची खूण अगदी सोपी आहे. क्लूमध्ये इनिशियली, प्राइमरिली, ॲट फर्स्ट, लीडर्स, हेड्स असं काही दिसलं की त्याच्या शेजारचे शब्द मोजा. कंसात चार असेल आणि इंडिकेटरला चिकटून चार शब्द असतील, तर त्यांची आद्याक्षरं लिहून टाका. पाच सेकंदांचं काम. मोबाइलवर कोडी सोडवणाऱ्यांना पहिला ब्रेक बहुतेक इथूनच मिळतो.

पण बनवताना काय चुकतं ते मी स्वतःच्या चुकीने शिकलो. चाय जमल्यावर मी फॉर्मात आलो आणि काकांना दाखवायला पुण्यावर क्लू केला:

```
Primarily, Peshwas' urban nucleus of energy (4)
```

पेशव्यांचं शहर, ऊर्जेचं केंद्र, वा! काकांनी चष्मा वर केला, पेनने एका शब्दाभोवती गोल काढला आणि कागद परत दिला. गोलात होतं "ऑफ". पहिली अक्षरं घेतली तर पी, यू, एन, ओ, ई. "पुनोए" नावाचं गाव कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

या प्रकाराचं हेच तर दुखणं. ऑफ, द, ए, अँड, हे एरवी आपण ज्यांच्याकडे बघतही नाही असे शब्दसुद्धा इथे पूर्ण एक अक्षर मागतात. कुणालाच सूट नाही. म्हणून वाईट क्लू ओळखू येतात. त्यात वाक्य तारेसारखं तुटक असतं, जोडणारे छोटे शब्द गायब असतात. चांगल्या क्लूमध्ये छोटा शब्दसुद्धा कामाला लावलेला असतो. वरच्या चायमधला "अँड" बघा, त्यातला ए उत्तरात गेलाय. पुण्याचा क्लू मी असा दुरुस्त केला:

```
Primarily Peshwas' urban nucleus, expanding (4)
```

मूळचं पेशव्यांचं शहर, वाढत चाललेलं. सिंहगड रोडवर अडकलेल्या कुणालाही पटेल.

शेवटच्या अक्षरांचा प्रकार जुळा भाऊ आहे, पण कमी दिसतो. इंडिकेटर असतात फायनली, अल्टिमेटली, ॲट लास्ट, एंड्स ऑफ.

```
Office furniture? Old table has crack, ultimately (4)
```

ओल्डचा डी, टेबलचा ई, हॅजचा एस, क्रॅकचा के. डेस्क. पहिल्या अक्षरांपेक्षा हा थोडा चकवतो, कारण आपला डोळा शब्दाच्या सुरुवातीवर बसलेला असतो, शेवटच्या अक्षरांची रांग सहज दिसत नाही. एक जुना सापळाही सांगून ठेवतो. "ॲट लास्ट" हा नेहमी इंडिकेटर असेलच असं नाही. कधीकधी "ॲट" या शब्दाचंच शेवटचं अक्षर हवं असतं, म्हणजे टी. शेजारी रांगेने शब्द नसतील आणि उत्तरात कुठेतरी एकटा टी कमी पडत असेल, तर हा विचार करून बघा.

आता परत माझ्या हरलेल्या मिसळीकडे. एक-आड-एक अक्षरांचे इंडिकेटर म्हणजे रेग्युलरली, ऑल्टरनेटली, एव्हरी अदर, पिरिऑडिकली. आणि ऑडली, इव्हनली. शेवटचे दोन स्पष्ट बोलतात. ऑड म्हणजे विषम, पहिलं, तिसरं, पाचवं अक्षर. इव्हन म्हणजे सम. काकांनी क्लूमध्ये "इव्हनली" लिहिलं असतं तर माझा शू झालाच नसता. "रेग्युलरली" मात्र मुद्दाम मोघम आहे. अंतर नियमित आहे एवढंच ते सांगतं, सुरुवात कुठून ते नाही.

मी काकांना हाच मुद्दा ऐकवला. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण मी खोटं बोललो का? कोल्ड नियमित अंतरानेच आहे ना?" आफ्रिटचंच तत्त्व. मग त्यांनी दुसरा क्लू लिहिला:

```
Troupes regularly regret (3)
```

नाटकमंडळ्यांना वारंवार पश्चात्ताप होतो. (होतोच.) "ट्रूप्स" मध्ये इथे सात अक्षरं. विषम जागांवर टी, ओ, पी, एस, म्हणजे टॉप्स, चार अक्षरं. सम जागांवर आर, यू, ई, म्हणजे रू, तीन अक्षरं. कंसात तीन आहे, म्हणून उत्तर रू, पश्चात्ताप करणे. इथे मोघमपणाला जागाच नाही, कारण मूळ शब्दाची अक्षरसंख्या विषम आहे आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या लांबीचे तुकडे पडतात. "स्कूल्ड" मध्ये आठ अक्षरं होती, म्हणून दोन्ही तुकडे चारचे. मोघमपणा फक्त समसंख्येच्या शब्दात उरतो. तिथे तो मिटवायची दोन साधनं आहेत: उत्तराचा अर्थ, आणि जाळ्यातून आडव्या-उभ्याने आलेली अक्षरं. काकांनी मला सुटा क्लू दिला होता, जाळं दिलंच नव्हतं. म्हणजे एक साधन त्यांनी काढून घेतलं होतं. मिसळीचे अर्धे पैसे परत मागावेत का, हा विचार अजून चालू आहे.

"ऑडली" चा स्वतःचा एक त्रास आहे. इंग्रजीत ऑड म्हणजे विषम, तसंच विचित्रही. त्यामुळे "ऑडली" हा अक्षरं ढवळायचा, म्हणजे ॲनाग्रॅमचाही इंडिकेटर असतो. कुठला अर्थ घ्यायचा हे कसं कळणार? पुन्हा मोजा. शेजारच्या शब्दात उत्तराइतकीच अक्षरं असतील तर ढवळा. साधारण दुप्पट असतील तर एक-आड-एक घ्या. याउलट "ऑकेजनली" सारखे शब्द वापरणारे सेटरही आहेत. ऑकेजनली म्हणजे अधूनमधून, त्यात नियमितपणा कुठे आला? झिमेनीझचे शिष्य यावर नाक मुरडतात, आणि इथे मी रविवारीसुद्धा त्यांच्याच बाजूचा आहे. दर सोमवारी जिमला जाणं आणि अधूनमधून जिमला जाणं यातला फरक आपल्याला चांगला ठाऊक आहे.

हा खेळ आपल्याकडे इंग्रजी वर्तमानपत्रांतून आला. द हिंदूच्या क्रॉसवर्डचे सुरुवातीचे सेटर तर चक्क नौदलाचे निवृत्त प्रमुख होते, ॲडमिरल रामदास कटारी, नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख. काकांनी बदलीच्या गावी चेन्नईला असताना याच पेपरातून हे सगळं शिकून घेतलं.

साहजिकच मी विचारलं, "काका, हे मराठीत का नाही करत?" ते म्हणाले, "करून बघ की." मी आपला लॅपटॉप उघडला.

```
"कविता"[::2]   # 'किा'
```

बघितलंत? कवितेत मला तीन अक्षरं दिसतात: क, वि, ता. कॉम्प्युटरला पाच तुकडे दिसतात, कारण युनिकोडमध्ये वेलांटी आणि काना वेगळे मोजले जातात. एक-आड-एक घेतल्यावर "क" ला बेवारस वेलांटी आणि काना येऊन चिकटले. ठीक आहे, तो यंत्राचा प्रश्न, आपण हाताने अक्षरं उचलू. क आणि ता, म्हणजे "कता". बरेचसे मराठी शब्द दोन ते चार अक्षरी. त्यातून एक-आड-एक घेतलं की हातात दोनच अक्षरं उरतात, तीही आपापल्या मात्रांसकट. इंग्रजीत ई हे अक्षर कुठेही जाऊन बसतं. आपलं "वि" काही "व" च्या जागी बसत नाही.

मग म्हटलं आद्याक्षरं तरी. पुण्यापासूनच सुरुवात केली. "पु" ने सुरू होणारे शब्द हवे तेवढे. "णे" ने सुरू होणारा शब्द सांगा. नाही! मराठीत शब्द ण ने सुरू होत नाही. मग शेवटची अक्षरं? "णे" ने संपणारे शब्द ढिगाने, करणे, जाणे, खाणे. पण ऱ्हस्व "पु" ने संपणारा? आपल्या शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा उकार सहसा दीर्घ लिहितात, त्यामुळे रिपूसुद्धा दीर्घ. म्हणजे पुण्याचं पहिलं अक्षर फक्त शब्दाच्या सुरुवातीला सापडतं आणि दुसरं फक्त शेवटाला. इंग्रजीत पंधरा मिनिटांत झालेलं पुणे मराठीत पहिल्या अक्षरांनीही होत नाही आणि शेवटच्यांनीही नाही.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे एका शब्दाचं पहिलं आणि दुसऱ्याचं शेवटचं, असा इंडिकेटर लागेल." आणि पेपर उलटा करून मागच्या कोऱ्या जागेवर काहीतरी लिहायला लागले. तेव्हापासून तीन आठवडे झाले, "आदि-अंत" हा शब्द त्यांनी पक्का केलाय, बाकी वाक्य अजून जमत नाहीये.

तुम्हाला जमलं तर कमेंटमध्ये लिहा, मी त्यांना दाखवतो. तोवर हा एक घरी न्यायला. उत्तर पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला:

```
Waists regularly displaying humour (3)
```

अक्षरं सहा आहेत, म्हणजे तुकडे दोन्ही तीनचेच. आणि हो, दोन्हीही खरे इंग्रजी शब्द आहेत. माझ्यासारखं पहिलं दिसेल ते पेनने लिहू नका.